स्वप्नातल्या चेहऱ्याला नाव देऊ नका



पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. त्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं राहतं, घर पाहुण्यांनी भरतं आणि झोप चार-पाच तासांवर येते. अशात सकाळी उंबऱ्याशी टाचण्या टोचलेलं लिंबू दिसलं, तर त्या रात्री काय होतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. पहाटे डोळे उघडतात, पण हात हलत नाही, हाक फुटत नाही. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, कधी कोपऱ्यात बाई उभी दिसते. सकाळी घरात एकच शब्द निघतो : करणी.

हा अनुभव खरा असतो, पण त्याचं कारण अंगातच असतं. स्वप्न पडत असताना शरीर आपले स्नायू सैल सोडतं, म्हणजे स्वप्नात धावलो तरी अंथरुणात धावत नाही. कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागे राहतं. मग स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं. हे काही सेकंद, फार तर दोन-तीन मिनिटं टिकतं. जागरणाने आणि उताणं झोपल्याने ते जास्त होतं. त्या सावलीला चेहरा मात्र आपली भीती देते. दिवसा ज्या जावेचा संशय, रात्री तीच दिसते. मग झोपायचीच धास्ती बसते, झोप तुटते आणि पुन्हा तेच घडतं.

भगताकडे गेलं की तो विचारतो, “संशय कुणावर?” धोका इथे आहे. मार्च 2024 मध्ये आपल्याच मुरबाड तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून सत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धाला निखाऱ्यांवर नाचवलं गेलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्यावर असा आळ घेऊन त्याला छळणं हा गुन्हा आहे.

आपला धर्म तर सांगतो की दुःख आपल्याच अशाता वेदनीय कर्माच्या उदयाने येतं, दुसरा केवळ निमित्त. मग शेजारणीच्या नजरेला एवढी ताकद कुठून आली? नवकार म्हणून झोपायचं आणि उशीखाली भगताचा ताईत ठेवायचा, हे माझ्या मते जमणारं नाही.

अंग अडकलं तर धडपडू नका. मनात नवकार चालू ठेवा, श्वास सावकाश घ्या आणि फक्त पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा. सुटल्यावर उठून पाणी तोंडावर मारा, कुशीवर झोपा. हे वारंवार होत असेल किंवा दिवसाही झोप आवरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जागेपणीही छातीत दुखत असेल, तर वाट पाहू नका.

सकाळी स्वप्न सांगायचं तर सांगा, पण त्यात कुणाचं नाव घेऊ नका. संवत्सरीला ज्यांची क्षमा मागतो, त्यांच्यातलंच कुणीतरी ते नाव असतं.