प्रबंध सादर करण्यापूर्वी : नियम कोणाचा आणि टक्के कशाचे?

एकाच शहरात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्याचे वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात, ही गोष्ट सिल्वासात फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. डोकमर्डीचे शासकीय महाविद्यालय सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न आहे, तर सायलीचे एसएसआर महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी. पदवी विद्यापीठ देते. त्यामुळे नियम शोधताना महाविद्यालयाच्या सूचनाफलकापाशी थांबून भागत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील संशोधन विभाग, पीएच.डी.चे अध्यादेश आणि ग्रंथालयाचे पान ही तिन्ही ठिकाणे पाहावी लागतात. नियम बहुधा ग्रंथालयाच्या पानावर सापडतो, कारण तपासणीची संगणकप्रणाली ग्रंथपालांकडेच असते.

या सगळ्यांच्या वर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक संस्थेने आपले धोरण संकेतस्थळावर ठेवायचे असते. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. 40 ते 60 टक्क्यांपर्यंत वर्षभर सुधारित प्रत देण्यास मनाई, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. हे आकडे सर्वांना पाठ असतात. व्याख्येतले एक वाक्य मात्र क्वचितच कोणी वाचते : गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेतून वगळलेल्या आहेत. म्हणजे बी.ए.च्या प्रकल्पाला कोणी ‘यूजीसीचा 10 टक्क्यांचा नियम’ लावत असेल, तर तो नियम वस्तुतः महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा असतो. तो कोठे लिहिलेला आहे, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे.

दुसरा प्रश्न टक्क्यांच्या हिशेबाचा. समजा, 12,000 शब्दांच्या एम.ए.च्या प्रबंधिकेचा अहवाल 16 टक्के साम्य दाखवतो, म्हणजे 1,920 शब्द. त्यांत संदर्भसूचीचे 700 आणि उल्लेखासह दिलेल्या अवतरणांचे 420 शब्द असतील, तर विनियमांप्रमाणे ते मोजायचेच नाहीत. उरले 800 शब्द. वगळलेला मजकूर एकूण संख्येतूनही काढला, तर साम्य सुमारे 7 टक्के भरते. तोच प्रबंध एका मांडणीत दोषी, दुसऱ्या मांडणीत निर्दोष! म्हणून ‘मर्यादा किती?’ एवढेच न विचारता, ‘तपासणी कोणत्या प्रणालीवर होते, सूची आणि अवतरणे वगळून होते का, आणि पूर्ण अहवाल मला मिळेल का?’ असे विचारावे. मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारावी : फाइल युनिकोडमध्येच हवी का? जुन्या फॉन्टमधला मजकूर प्रणालीला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो आणि तपासणीच फोल ठरते.

यंत्रलेखनाचा प्रश्न याहून अवघड आहे. 2018 च्या विनियमांत त्याचा उल्लेखच नाही. ही पोकळी किती महाग पडू शकते, हे हरियाणातील ओ. पी. जिंदल विद्यापीठाच्या प्रकरणातून दिसले. एलएल.एम.च्या एका विद्यार्थ्याचे 2024 मधील परीक्षेचे उत्तर 88 टक्के यंत्रलिखित ठरवून त्याला अनुत्तीर्ण करण्यात आले. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. यंत्राच्या वापराला मनाई करणारा स्पष्ट नियमच विद्यापीठाकडे नाही, हा त्याचा एक मुद्दा होता. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यामुळे याचिका निकाली निघाली, आणि मूळ प्रश्नावर निर्णय झालाच नाही.

साम्याचा अहवाल आणि यंत्रलेखनाचा अहवाल यांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्यात मूळ स्रोत समोर ठेवलेला असतो, आपण दोन्ही मजकूर ताडून पाहू शकतो. दुसरा केवळ शैलीवरून बांधलेला अंदाज असतो, त्याला ताडण्यासाठी मूळ काहीच नसते. ओपनएआयने स्वतःची अशी ओळखप्रणाली अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै 2023 मध्ये मागे घेतली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांच्या निबंधांवर असा ठपका अधिक वेळा येतो, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांना त्याच वर्षी आढळले. आपल्याकडचे इंग्रजीत प्रबंध लिहिणारे बहुतेक जण याच गटातले.

तेव्हा मार्गदर्शकांना विचारायचे ते नेमके विचारावे. मराठी टिपणांचा इंग्रजी अनुवाद यंत्राकडून करून घेतलेला चालेल का? व्याकरणाची दुरुस्ती? चालत असेल तर त्याची नोंद प्रतिज्ञापत्रात करायची की प्रस्तावनेत? आणि केवळ यंत्राच्या अंदाजावरून कारवाई होते, की आधी विद्यार्थ्याला तोंडी विचारले जाते? हे प्रश्न ईमेलने पाठवावेत, म्हणजे उत्तराला तारीख राहते. त्या उत्तरासोबत कच्चे खर्डे आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या पदवी हाती पडेपर्यंत जपून ठेवाव्यात. चौकशी समितीपुढे लेखन आपलेच असल्याचे दाखवायला त्यांच्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नसतो.