पुस्तकाच्या कव्हरसाठी एआय प्रॉम्प्ट: शीर्षकाची मोकळी जागा मागायची कशी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकहॅम पुस्तक पुरस्कारांतून दोन पुस्तकं बाद झाली. लेखिका होत्या स्टेफनी जॉन्सन आणि एलिझाबेथ स्मिदर, दोघीही तिथल्या नावाजलेल्या. पुस्तकांच्या मजकुराबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. अडचण होती कव्हरची. ते करताना एआयचा वापर झाला होता, आणि पुरस्काराच्या नियमांत एआयबद्दलचं कलम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं होतं. तोपर्यंत कव्हरं तयार झालेली होती.

ही बातमी वाचली तेव्हा मी स्वतः एका कव्हरच्या मागे लागलो होतो. माझ्या मामाने कादंबरी लिहिली आहे, नाव ‘बुडीत क्षेत्र’. भीमा नदीवर उजनी धरण झालं, १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि कितीतरी गावं पाण्याखाली गेली. त्यातल्या एका घराची ही गोष्ट. प्रकाशकाने मामाला सांगितलं, “कव्हरची कल्पना तुम्हीच द्या.” मामाने लगेच मला फोन केला, “तू कॉम्प्युटरवाला ना? दे की काढून एक चित्र!”

मी पहिला प्रॉम्प्ट दिला तो असा:

```
धरणात बुडालेल्या गावावरच्या मराठी कादंबरीचं कव्हर बनव.
मूड दुःखी. शीर्षकासाठी जागा सोड.
```

आलेल्या चित्रात टेबलावर एक पुस्तक ठेवलेलं होतं. म्हणजे मला कव्हर हवं होतं आणि मिळाला पुस्तकाचा फोटो. त्या पुस्तकावर मधोमध फेटा बांधलेले, डोळ्यांत पाणी आणलेले आजोबा. मागे नारळाची झाडं आणि होडी. वर देवनागरीसारखं दिसणारं, पण वाचता न येणारं काहीतरी. मामा बघून म्हणाला, “अरे, ही भीमा आहे, केरळ नाही!”

यातली प्रत्येक चूक माझ्या प्रॉम्प्टमधल्या एकेका शब्दामुळे झाली होती.

‘कव्हर’ या शब्दापासून सुरुवात करू. चित्र काढणारं मॉडेल कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्या वर्णनांवरून शिकलेलं असतं. ज्या चित्रांच्या वर्णनात ‘बुक कव्हर’ असतं, त्यात बहुतेक वेळा छापलेलं नाव असतंच आणि बऱ्याचदा टेबलावर ठेवलेलं पुस्तकही असतं. त्यामुळे हा शब्द दिला की मॉडेल तेही आणतं. आपल्याला हवं असतं कव्हर‘वरचं’ चित्र. म्हणून प्रॉम्प्टमध्ये कव्हर, पुस्तक, कादंबरी हे शब्दच टाळायचे आणि ‘उभं चित्र, प्रमाण २:३’ असं लिहायचं.

मग अक्षरांचं काय? ‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण फोनमध्ये तो सात तुकड्यांत साठवलेला असतो: क, हलन्त, ष, एकाराची मात्रा, त, हलन्त, र. त्यांना जोडून ‘क्षे’ आणि ‘त्र’ करायचं काम फॉन्ट करतो. चित्र काढणारं मॉडेल फॉन्ट वापरतच नाही, ते अक्षराचा आकार चित्र म्हणून आठवून काढतं. इंग्रजी अक्षरं त्याने भरपूर पाहिली आहेत, मराठी जोडाक्षरं त्या मानाने फार कमी. नवी टूल्स यात सुधारली आहेत, पण एखादी मात्रा सरकली तरी नावाचा अर्थ बदलतो. म्हणून शीर्षक एआयकडून लिहून घ्यायचंच नाही. चित्र कोरं घ्यायचं आणि नाव नंतर फॉन्टने टाकायचं.

कोरं चित्र घ्यायचं म्हणजे नावाला मोकळी जागा हवी. सगळ्यात जास्त वेळ माझा इथेच गेला. ‘जागा सोड’ हे माणसाला कळतं. मॉडेल मात्र दिसणाऱ्या वस्तू काढायला शिकलेलं आहे आणि ‘जागा’ ही काही वस्तू नाही. त्यामुळे कधी ते आकाशात पांढरा चौकोन काढतं, कधी जागा सोडून तिथे पक्ष्यांचा थवा भरतं. उपाय सोपा आहे: मोकळी जागा ही दृश्यातलीच एक गोष्ट करून टाकायची. धुकं, चुन्याची भिंत, शांत पाणी, दुपारचं आकाश. या गोष्टी मुळातच रिकाम्या दिसतात आणि मॉडेलला त्या नीट काढता येतात.

मूडचंही तसंच. ‘दुःखी’ म्हटलं की मॉडेल रडणारा चेहरा आणतं, कारण ‘दुःखी’ म्हणून त्याने तेच पाहिलंय. मूड सांगायचा तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात: उजेड कसा आहे, आपण किती लांबून बघतोय आणि चित्रात किती वस्तू आहेत. मामाच्या कादंबरीत रडारड नाही. उन्हाळ्यात धरण आटतं, जुनं देऊळ वर येतं आणि माणसं नुसती बघत राहतात. म्हणून उजेड भर दुपारचा, अंतर लांबचं आणि वस्तू एकच. शेवटचा प्रॉम्प्ट असा झाला:

```
उभं चित्र, प्रमाण २:३. जाड जलरंगातलं, कागदाचा पोत दिसणारं.
खालचा एक तृतीयांश भाग: आटलेल्या धरणाचा भेगाळलेला
करडा चिखल. त्यात डावीकडे, लांबून दिसणारं, अर्धं वर आलेलं
काळ्या दगडाचं छोटं देऊळ. मागे पाण्याची बारीक रेघ.
वरचा उरलेला सगळा भाग: भर दुपारचं धुरकट, फिकट पिवळसर
आकाश, एकसारख्या रंगाचं.
माणसं, झाडं, होड्या, अक्षरं नकोत.
```

‘नकोत’ची यादी शेवटी आणि छोटी ठेवली आहे. आकाश एकसारखं आहे हे आधीच सांगितलं असेल तर तिथे काही भरायचं कारण उरत नाही. गप्पा मारल्यासारखं चालणाऱ्या नव्या टूल्सना ‘नको’ बऱ्यापैकी कळतं. काही टूल्समध्ये मात्र मुख्य वाक्यात ‘अक्षरं नकोत’ लिहिलं तर उलट अक्षरंच येतात. तिथे नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी जागा असते, मिडजर्नीमध्ये ती `--no text` अशी लिहितात.

हीच कादंबरी रहस्यकथा असती तर? देऊळ तेच ठेवायचं. वेळ रात्रीची, आपण चिखलाजवळ खाली वाकून बघतोय आणि गाभाऱ्यातून एकच पिवळा उजेड येतोय. तेव्हा वरचं आकाश काळंभोर येईल आणि नाव पांढऱ्या रंगात घ्यावं लागेल. म्हणजे मूड ठरला की शीर्षकाचा रंगही त्याबरोबर ठरतो, म्हणून दोन्हींचा विचार एकदमच करावा.

जागा खरंच मोकळी आली का, हे फोनवरच तपासता येतं. चित्र ब्लॅक अँड व्हाइट करा आणि हात लांब करून डोळे किलकिले करून बघा. नावाच्या जागेत कुठे गडद, कुठे उजळ असे पट्टे दिसले तर अक्षरं तिथे अर्धवट हरवतील. माझ्या दुसऱ्या चित्रात असंच झालं. रंगीत बघताना आकाश छान वाटत होतं, काळंपांढरं केल्यावर उजवा कोपरा देवळाइतकाच गडद निघाला. ‘एकसारख्या रंगाचं’ हे शब्द त्यानंतर आले.

मग प्रत्यक्ष नाव टाकून बघा. मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. तिरोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. मी ‘बुडीत’ आणि ‘क्षेत्र’ एकाखाली एक ठेवलं आणि वरच्या ‘बु’चा उकार थेट खालच्या ‘क्षे’च्या मात्रेत घुसला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत हा त्रास नसतो, कारण त्यांच्या वर-खाली काही लटकत नाही. मराठीत दोन ओळींच्या मधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणजे शीर्षकाला उंचीही जास्त लागते. म्हणून आकाशाला अर्ध्याहून जास्त जागा दिली. शेवटी सगळं अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, कारण ऑनलाइन दुकानात वाचकाला कव्हर साधारण तेवढंच दिसतं.

इथपर्यंत सगळं पडद्यावर छान दिसतं. छपाईचं गणित वेगळं आहे. मामाचं पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. कापताना कडा जातात म्हणून चारही बाजूंनी इंचाचा आठवा भाग जास्त धरायचा. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर चित्र १७२५ बाय २६२५ पिक्सेल हवं. मला मिळालेलं होतं १०२४ बाय १५३६. हिशेब केला तर इंचाला जेमतेम १७५ पिक्सेल पडतात. मोठं करणारी टूल्स आहेत, पण ती मधले तपशील अंदाजाने भरतात. चिखलात ते खपून जातं, देवळाच्या दगडात लगेच कळतं.

आता पुन्हा न्यूझीलंडच्या बातमीकडे. मी ते चित्र मामाला दिलं, पण छापण्यासाठी नाही. पुरस्कार हे एक कारण, पण हक्काचा प्रश्न जास्त मोठा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं, की नुसता प्रॉम्प्ट दिल्याने माणूस त्या चित्राचा कर्ता ठरत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ‘ती घडवून आणणारी व्यक्ती’ असं कलम आहे, पण ते आजच्या एआयच्या खूप आधी लिहिलेलं आहे. उद्या दुसऱ्या कोणी हेच देऊळ आपल्या पुस्तकावर टाकलं तर मामाला ठामपणे ‘हे माझं’ म्हणता येईल का? शिवाय किंडलवर पुस्तक टाकताना मजकूर, चित्र किंवा भाषांतर एआयने केलंय का, हे ॲमेझॉनला सांगावंच लागतं.

म्हणून मामा ते चित्र आणि प्रॉम्प्टचा कागद घेऊन ओळखीच्या एका चित्रकाराकडे गेला. चित्रकाराला ‘दुःखी वाटलं पाहिजे’ यापेक्षा ‘भर दुपार, लांबून, एकच देऊळ, वर सगळं आकाश’ हे ऐकून बरं वाटलं. त्याने एकच प्रश्न विचारला, “पाणी ओसरल्यावर दगडावर काय दिसतं?”

मामा म्हणाला, “आडव्या पांढऱ्या रेघा. दर वर्षी पाणी जिथे थांबलं, तिथे एक.”

या रेघा मॉडेलने काढल्या नव्हत्या. मी सांगितल्याच नव्हत्या, कारण मला त्या माहीतच नव्हत्या. कच्च्या चित्रात त्या आता आल्या आहेत, आणि आकाश मोकळंच आहे.