सहा लाखांचा फरक खरा किती?



ताब्याच्या वेळी घराचे पैसे भरण्याची योजना सहा लाखांनी महाग, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला पटत नाही. बांधकामानुसार ८० लाख भरायचे, ते करारावेळी १६ आणि पुढे प्रत्येक वर्षअखेरीस २०, २४, २०. गृहकर्जाच्या ९ टक्के दराने त्यांचे आजचे मूल्य ७० लाख. ताब्याच्या योजनेत ८६ लाखांपैकी १७.२ आता, ६८.८ तीन वर्षांनी. आजचे मूल्य ७०.३ लाख. फरक जेमतेम ३३ हजारांचा! ताबा आणि त्यासोबतचा दोन्ही योजनांतला शेवटचा हप्ता वर्षभर लांबला, तर ताब्याची योजनाच पावणेतीन लाखांनी स्वस्त. मात्र बँक तुमच्या नावचे कर्ज बिल्डरला आधीच देत असेल, तर हा हिशेब लावू नये.

— एक वाचक, ठाणे