रविवारची वाट पाहणारं तोंड

नागपुरात एखाद्या बाईचं तोंड सकाळी वाकडं झालेलं दिसलं, की दुपारच्या आत साऱ्या मोहल्ल्याचं निदान तयार असतं. कोणी म्हणतं कूलरची हवा लागली, कोणी म्हणतं लकवा मारला, कोणी करणीकडे बोट दाखवतं. खोटं बोलली असेल म्हणून देवाने तोंड फिरवलं, असं म्हणणारी माणसंही आपल्यातच आहेत. डॉक्टरकडे चल, असं म्हणणारा मात्र सर्वांत शेवटी येतो. एव्हाना औषधाचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात.

आपल्या शहरात वारंवार घडणारी एक गोष्ट सांगतो. शिवणकामावर घर चालवणारी एक बाई. मे महिना. आदल्या रात्री डाव्या कानामागे ठणकत होतं, पण ऊन लागलं असेल म्हणून ती झोपली. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून पोलक्यावर सांडलं. आरशात पाहिलं तर हसू उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा उघडाच. मिटायला गेली की बुबुळ वर सरकायचं आणि खाली पांढरी फट राहायची. चहाला एका बाजूने चव नव्हती. 'पप्पू', 'भाभी' म्हणताना ओठांतून हवा निसटत होती.

हाच तो बेल्स पाल्सी. चेहरा हलवणारा सातवा मज्जातंतू कानामागच्या हाडातल्या अगदी अरुंद बोगद्यातून बाहेर येतो. त्याला सूज आली की त्या बोगद्यात तो चेपतो आणि अर्धा चेहरा थंड पडतो. बहुतेकदा शरीरात दबून बसलेल्या नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूवर संशय घेतला जातो. यात मेंदूला काहीही झालेलं नसतं. बाईच्या चारित्र्याला तर नाहीच नाही.

मेंदूच्या झटक्यातही तोंड वाकडं होतं, म्हणून फरक कळायला हवा. रुग्णाला भुवया वर करून कपाळावर आठ्या पाडायला सांगा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, त्यामुळे झटक्यात एक बाजू बंद पडली तरी आठ्या बहुधा पडतात. बेल्स पाल्सीत तंतूच वाटेत अडकलेला असतो, म्हणून त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं. पण घरच्या घरी परीक्षा घेऊन निश्चिंत बसू नका. हात किंवा पाय लुळा पडला, शब्द फिरले, दोन-दोन दिसू लागलं, तोल गेला किंवा आठ्या पडताहेत आणि तोंड मात्र वाकडं आहे, तर एक मिनिट न दवडता मोठं रुग्णालय गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

या बाईच्या कपाळावर आठ्या पडत नव्हत्या, हातपाय ठणठणीत होते. त्याच दिवशी मेडिकलला किंवा मेयोला नेलं असतं, तर काम पंचेचाळीस गोळ्यांचं होतं. प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम. रोज सकाळी खाऊन सहा, असे पाच दिवस. मग पाच, चार, तीन, दोन, एक. दहा दिवसांत संपणारं, अगदी स्वस्त औषध. डोस डॉक्टरने ठरवायचा, कारण मधुमेह असेल तर साखर चढते आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं. कानात फोड आले असतील तर विषाणूवरचं औषधही सोबत लागतं. पण सुरुवात ७२ तासांत व्हायला हवी. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वेळेत गोळ्या मिळालेल्यांपैकी शेकडा ९४ जण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले होते. ज्यांना हे औषध दिलं नाही, त्यांच्यातले ८२.

सासऱ्यांनी तिला नेलं ते लकव्याच्या गावठी औषधवाल्याकडे. त्याचं औषध फक्त रविवारी मिळतं, आणि तो दिवस बुधवार होता. मग रविवारपर्यंत गालाला गरम तेल, गळ्यात गंडा आणि कबुतराचं मांस. "स्टेरॉईड म्हणजे विष," असं शेजारच्या शिकलेल्या माणसानेही सांगितलं. त्याला मी औषधवाल्यापेक्षा जास्त जबाबदार धरतो, कारण त्याला विचारण्याची सोय होती आणि त्याने विचारलं नाही. चार दिवस अशा रीतीने गेले आणि तिचे ७२ तास कोणाच्या हिशेबातच आले नाहीत.

त्या चार दिवसांत त्या उघड्या डोळ्याकडे कोणी पाहिलं? नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ उडते, लू वाहते आणि रात्रभर कूलर तोंडावर चालतो. कूलरमुळे तोंड वाकडं होतं असं म्हणणारे आपण, न मिटणारा डोळा त्याच कूलरसमोर सुकत ठेवतो! पापणी मिटत नसली की बुबुळावर अश्रूंचा थर पसरत नाही, ते कोरडं पडून खरवडतं आणि तिथे जखम होते. उपाय साधा आहे. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्यात मलम. मग बोटाने पापणी हळूच खाली ओढून पूर्ण मिटवायची आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावायची. उघड्या डोळ्यावर कापूस किंवा रुमाल बांधू नये, तो बुबुळाला घासतो. बाहेर पडताना बाजूने झाकणारा चष्मा लावावा. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसू लागलं, की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

तिचा डोळा सहाव्या दिवशी लाल झाला. नवव्या दिवशी घरच्यांनी रुग्णालय गाठलं तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका होता. जखम भरली, डाग राहिला. चेहरा मात्र दोन महिन्यांत सरळ झाला, आणि खरा घात इथूनच सुरू होतो.

कोपनहेगनच्या एरिक पायटरसन यांनी औषध न घेतलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दहातले सात जण आपसूक पूर्ण बरे झाले होते. आता औषधवाल्याचा धंदा कशावर चालतो ते पाहा. दहा जण येतात, सात जणांना निसर्ग बरं करतो आणि ते सात जण बाजारभर त्याचं नाव घेतात. उरलेले तिघे घराबाहेर फारसे पडत नाहीत. कोणाचं अर्धं हसू कायमचं गेलेलं असतं, कोणाचा डोळा जेवताना आपोआप मिटतो. लग्नसमारंभात पदराआड तोंड लपवणाऱ्या त्या बायकांना आपण कधी मोजलं? आपल्या दृष्टीने 'गुण आला' म्हणजे सातच. तीन आपण समाजातूनच वजा केले आहेत.

या सातांच्या पुण्याईवर तोच माणूस उद्या मेंदूच्या झटक्यावरही औषध देतो. लोकांना दोन्ही लकवेच वाटतात आणि सुनेचं तोंड सरळ झालेलं घराने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढच्या वर्षी सासऱ्यांचा उजवा हात जेवताना लुळा पडला, बोलणं बंद झालं, तेव्हा घरच्यांनी पुन्हा रविवारचाच दिवस मोजला. तिथे साडेचार तासांचा प्रश्न होता. आज ते खाटेवर आहेत आणि त्यांना भरवण्याचं काम, डाग पडलेल्या डोळ्याने, तीच सून करते.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. वाकड्या तोंडाचा त्या कलमात उल्लेख नाही. पण या बाईला कोणी दोरीने बांधून रोखलं नव्हतं. सासरे, नवरा, शेजारी, आलेले नातेवाईक, सगळे तिच्या भल्याचंच बोलत होते. या सगळ्यांना माझा सवाल आहे: बुधवारी सकाळी ऑटो दारात उभा होता, तर तो मेडिकलकडे का वळला नाही?