मखराने मान टाकू नये म्हणून...

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि आपल्या गणपतीची मखरं कागदावर आली. इको-फ्रेंडली वगैरे सगळं मस्तच! पण मुंबईतला भाद्रपद म्हणजे हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा. पहिल्या दिवशी ताठ असलेली कमान तिसऱ्या दिवशी नमस्कार करायला लागते. पावसाचा थेंबही न लागता! कारण कागद हवेतलं पाणी पितो, त्याचे तंतू फुगतात आणि तो मऊ पडतो.

समजा, तुम्हाला तीन फुटी कमान करायचीय. जाड कार्डशीट आणल्यावर लगेच कापू नका. एक दिवस त्याच खोलीत मोकळी ठेवा, म्हणजे जे काही फुगायचंय ते आधीच फुगून होईल. मग शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने ती सहज वळते, त्या घडीच्या रेषेला समांतर तंतू असतात. कमानीच्या खांबांमध्ये हे तंतू उभेच हवेत. आडवे आले, तर खांब कमरेत वाकलाच म्हणून समजा.

चिकटवायला पातळ पांढरा गोंद नको. त्यातलं पाणी कागदातच मुरतं. दुहेरी टेप किंवा ग्लू गन वापरा. (ग्लू गनचा गोंद उष्णतेने सुटतो, त्यामुळे समई लांब. कागद आहे, तेव्हा ती लांबच बरी!) शेवटी क्लिअर लॅकर स्प्रेचे दोन हलके हात द्यायचे, पण दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांनाही. एकाच बाजूला मारलात तर दुसरी बाजू फुगते आणि कागद वळतो. धो धो पाऊस असताना स्प्रे केलात तर पांढुरकी झाक येते. उघडीप बघून, खिडकी उघडी ठेवून करा.

मागचा पडदा सुती असेल तर तोही ओल धरतो, जड होतो आणि मधोमध लोंबतो. पॉलिएस्टर जॉर्जेट किंवा नेट पाणी जवळजवळ पीत नाही. सुतीच हवा असेल तर नायलॉनच्या दोरीऐवजी तारेवर लावा आणि दर फुटावर पिन मारा. नायलॉनची दोरी दमट हवेत सैल पडते.

आणि फुलं? झेंडू इथे सुकण्याआधी कुजतो. देठाशी तपकिरी, चिकट डाग दिसला की समजा, सुरुवात झाली. म्हणून हारावर पाणी शिंपडू नका. फुलं झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि माळ कागदाला टेकवायची नाही, बोटभर अंतर ठेवायचं. नाहीतर तिची ओल थेट कमानीत.

एवढं केलंत तर पाच दिवस निवांत. लॅकरमुळे ओल उशिरा शिरते, थांबत नाही. त्यामुळे अनंत चतुर्दशीपर्यंत बाप्पा असतील, तर खांबांच्या मागे बांबूच्या काड्या आधीच बांधून टाका!