यादीतला पुसलेला आकडा शोधायचा कसा, आणि मग लिहायचा कसा



मागच्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरची दाव्यांची यादी भिजली. वनहक्क समितीने शेतं मोजून ती हाताने लिहिली होती. सात दावे, प्रत्येकाचं क्षेत्र, खाली बेरीज. पाणी नेमकं पाचव्या ओळीवर पडलं. नाव वाचता येतं, क्षेत्राच्या जागी निळा डाग. ही पाचवी ओळ एका विधवा बाईची. कचेरीत यादी दाखवली तर साहेब बोलला, "इथे क्षेत्रच नाही, मग दावा कशाचा घेऊ?" बाई काहीच बोलली नाही. आम्हीही त्या दिवशी गप्प परत आलो. पण वाटेत विचार केला, खालची बेरीज तर शाबूत आहे, बाकीच्या सहा ओळी शाबूत आहेत, मग सातवा आकडा हरवला म्हणायचं कसं?

हरवला नव्हताच. बेरजेत सातही आकडे आहेत. त्यातून सहा काढले की उरतो तो पाचव्या ओळीचा.

यादी अशी होती:

1) 2 एकर 35 गुंठे
2) 3 एकर 12 गुंठे
3) 1 एकर 28 गुंठे
4) 4 एकर 5 गुंठे
5) (डाग)
6) 2 एकर 30 गुंठे
7) 1 एकर 36 गुंठे
एकूण: 19 एकर 10 गुंठे

आमच्यातल्या एका पोराने मोबाईल काढला. 2.35, 3.12, 1.28 असं टिंब देऊन सहा आकडे घातले. बेरीज आली 14.46. ती 19.10 मधून वजा केली, उरलं 4.64. म्हणजे चार एकर चौसष्ट गुंठे! तिथेच एक म्हातारा हसला. चौसष्ट गुंठे कुठे असतात? चाळीस गुंठ्याला एक एकर पुरा होतो, म्हणून गुंठ्याच्या जागी एकोणचाळीसच्या वरचा आकडा येऊच शकत नाही. मोबाईलचा दोष नाही. तो शंभराचा हिशेब करतो, आपली जमीन चाळीसने मोजलेली. हेक्टर-आर असते तर टिंबाचा हिशेब बरोबर आला असता, कारण 100 आरचा 1 हेक्टर होतो. एकर-गुंठ्याला तो चालत नाही.

मग हाताने केलं. आधी नुसते एकर: 2, 3, 1, 4, 2, 1, मिळून 13. नंतर नुसते गुंठे: 35, 12, 28, 5, 30, 36, मिळून 146. आता 146 मधून चाळीस-चाळीसचे ढीग काढा. तीन ढिगांचे 120 गेले, 26 उरले. तीन ढीग म्हणजे 3 एकर. ते 13 मध्ये मिळवले, 16 झाले. म्हणजे सहा दाव्यांचं क्षेत्र 16 एकर 26 गुंठे.

आता 19 एकर 10 गुंठ्यातून हे काढायचं. दहातून सव्वीस जात नाहीत, म्हणून एक एकर मोडायचा. एकर मोडला की 40 गुंठे मिळतात, 100 नाही. चूक इथेच होते. 10 आणि 40 मिळून 50 गुंठे, एकर राहिले 18. पन्नासातून 26 गेले, 24 उरले. अठरातून 16 गेले, 2 उरले. बाईचं क्षेत्र 2 एकर 24 गुंठे.

एवढ्यावर थांबायचं नाही. निघालेला आकडा पाचव्या ओळीत ठेवून सगळी बेरीज वरून खाली पुन्हा करायची. गुंठे 146 आणि 24 मिळून 170. चार ढिगांचे 160 गेले, 10 उरले. एकर 13, 2 आणि ढिगांचे 4, मिळून 19. एकूण 19 एकर 10 गुंठे. जुळलं. मोबाईलचा 4 एकर 64 गुंठे ठेवून असंच केलं तर 22 एकर 10 गुंठे येतात, म्हणजे तीन एकर जास्त. तोच आकडा आपण कचेरीत दिला असता तर बाईच खोटी ठरली असती.

पण आम्हाला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. वजाबाकी बरोबर आली म्हणजे क्षेत्र बरोबर, असं नाही. समजा तिसऱ्या ओळीतला 28 आपण 23 वाचला. मग तो पाच गुंठ्यांचा फरक कुठे जातो? सगळा पाचव्या ओळीत. तिथे 2 एकर 29 गुंठे निघतात, आणि पुन्हा बेरीज केली तरी ती जुळतेच, कारण आकडा काढला आहे त्याच बेरजेतून. म्हणजे पुन्हा केलेली बेरीज फक्त वजाबाकीतली चूक पकडते, वाचण्यातली नाही. खालची एकूण मुळातच चुकली असेल तर तीही चूक या एकाच ओळीवर येते. ज्याचा आकडा पुसला, त्याच्याच डोक्यावर सगळ्यांच्या चुका.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. ग्रामसभेच्या बुकात त्या दिवशीची नोंद काढली. तिथे "सात दावे, एकूण 19 एकर 10 गुंठे" असं वेगळं लिहिलेलं होतं, म्हणजे एकूण पक्की. मग दोरी घेऊन बाईच्या शेतावर गेलो, चारी बाजू पुन्हा मोजल्या, पंचांसमोर. माप अडीच एकराच्या थोडं वरच आलं. दोरीच्या मापात दोन-चार गुंठे इकडेतिकडे होतात, पण 2 एकर 24 गुंठ्याला ते धरून आहे.

आणि दोन ओळी पुसल्या असत्या तर? समजा सहावी ओळही गेली असती. मग वजाबाकीने एवढंच कळलं असतं की दोघांचं मिळून 5 एकर 14 गुंठे. त्यातले कोणाचे किती, हे कुठलाच हिशेब सांगू शकत नाही. तिथे अंदाजाने वाटणी केली तर शेजाऱ्या-शेजाऱ्यात भांडण लागेल. तिथे मोजणीच करावी लागते.

काही लोक म्हणाले, "आकडा निघाला ना, मग डागावर पेनाने लिहून टाका." आम्ही नाही म्हणतो. डागावर नवी शाई दिसली की सगळी यादीच खोडाखोडीची ठरते, आणि एका बाईपायी सातही दावे अडकतात. जुनी यादी तशीच ठेवायची. वेगळ्या कागदावर ग्रामसभेचा ठराव करायचा: पाचवी ओळ भिजली, इतर सहा ओळी आणि एकूण यावरून क्षेत्र 2 एकर 24 गुंठे येतं, अमुक तारखेला पुन्हा मोजून पाहिलं, पंचांच्या सह्या-अंगठे. हेक्टरात मागितलं तर 104 गुंठे म्हणजे साधारण 1 हेक्टर 5 आर, हेही लिहायचं. हा ठराव यादीला जोडायचा आणि पोच घ्यायची.

काही पाड्यांवर याद्या बेरजेशिवाय लिहिल्या जातात. "बेरीज काय, कचेरीत करतील" असं म्हणतात. आमचं मत याच्या उलट आहे. बेरीज मोजणीच्या दिवशीच, तिथेच बसून करायची. किती ओळी, एकूण किती, हे आकड्यात आणि अक्षरात लिहायचं, आणि तीच एकूण ग्रामसभेच्या बुकात वेगळी उतरवायची. यादी दोन पानांची असेल तर प्रत्येक पानाखाली त्या पानाची बेरीज हवी. म्हणजे दोन पानांवर एकेक ओळ पुसली तरी दोन्ही निघतात. आमच्या यादीखाली ती एक ओळ नसती, तर त्या बाईची पाचवी ओळ नुसता डागच राहिली असती.