नॉमिनी आहे ना, मग मालकी कशाला?

सध्या आम्ही आसामात, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर आहोत. पाऊस थांबत नाही, संध्याकाळी लाईट जाते, आणि मग जेसीओ मेसमध्ये गप्पा रंगतात. परवा विषय निघाला बायकोच्या नावावर पैसे ठेवण्याचा. एक ज्येष्ठ सुभेदार साहेब म्हणाले, "सगळीकडे नॉमिनी तीच आहे, पेन्शन मागे तिलाच जाणार. आणखी काय पाहिजे?" चार जणांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. त्याचं कारण तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

नॉमिनी म्हणजे मी मेल्यावर पैसे हातात घेणारा माणूस. मी जिवंत असताना त्याचा त्या पैशावर एका रुपयाचाही हक्क नाही, आणि मेल्यावरही बँकेतल्या ठेवीच्या बाबतीत तो मालक होत नाही. तो पैसे वारसांसाठी स्वीकारतो. विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्येच हे सांगितलं आणि डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सबाबतही तेच म्हटलं. विम्यात 2015 नंतर जवळच्या नात्यातल्या नॉमिनीसाठी कायदा बदलला, तेवढा अपवाद धरा.

आमच्या कंपनीतल्या एका हवालदाराचंच बघा. गाव सातारा जिल्ह्यात, लग्नाला नऊ वर्षं, एक मुलगी. लग्नाआधी उघडलेली एफडी वाढत वाढत 12 लाखांवर गेली आहे आणि तिच्यावर नॉमिनी अजून वडील. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर बँक 12 लाख वडिलांच्या हातात देईल. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं ते पैसे बायको, मुलगी आणि आई यांचे, प्रत्येकी 4 लाख. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत येतच नाहीत. म्हणजे पैसे एकाच्या हातात आणि हक्क तिघींचा. मग सून सासऱ्याकडे आपला हिस्सा मागणार, आणि गाव कोणाला नावं ठेवेल ते तुम्हीच सांगा.

हे झालं मरणाचं. मला जास्त राग येतो तो जगण्याच्या हिशोबाचा.

त्याच्या बायकोनं बी.एड. केलंय. दोन स्टेशनांवर त्याच्याबरोबर राहिली, दोन्हीकडे शाळेत लागली आणि दोन्ही नोकऱ्या त्याच्या पोस्टिंगपायी सोडल्या. आता साताऱ्यात एका खासगी शाळेत 18,000 वर आहे. याचे फंडाची वजावट धरून 62,000. एकूण 80,000. घरखर्च, मुलीची फी, दोन्हीकडच्या आईवडिलांना द्यायचे पैसे मिळून 40,000 लागतात. ("दोन्हीकडच्या" हा शब्द मी मुद्दाम लिहिला. आपल्या आईला पाठवतो ते कर्तव्य आणि ती पाठवते ते "माहेरी जातं", हे बोलणं मी 22 वर्षं ऐकतोय.)

निम्मं-निम्मं म्हटलं तर तिनं 20,000 द्यायचे, तेवढा तिचा पगारच नाही. मग शहाणी माणसं सांगतात, पगाराच्या प्रमाणात द्या. त्यानं 31,000, तिनं 9,000. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण उरलं काय? त्याच्याकडे 31,000, तिच्याकडे 9,000. दर महिन्याला 22,000 चा फरक, वर्षानुवर्षं. तिचा पगार कमी आहे तो तिची लायकी कमी म्हणून नाही, बदल्या त्याच्या होत्या म्हणून. प्रमाणाचा हिशोब त्या बदल्यांचं बिल तिच्या एकटीच्या नावावर फाडतो.

मी त्याला म्हटलं, खर्च कोणी किती द्यायचा ते सोड. उरतं किती आणि ते कोणाच्या नावावर, ते आधी ठरव. उरतात 40,000, म्हणजे प्रत्येकी 20,000. तू सगळा घरखर्च तुझ्या पगारातून कर, 22,000 राहतील. त्यातले 2,000 तिला दे. तिचे 18,000 आणि हे 2,000, झाले 20,000. दोघांनी 12,000 गुंतवायचे आणि 8,000 स्वतःला. त्या 8,000 चा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही.

"साहेब, माझी गुंतवणूक एवढी होतच नाही," म्हणाला. होते. फंडात 8,000 कापले जातात, ते पगारपत्रकात वजावट म्हणून दिसतात म्हणून कोणी बचतीत धरत नाही. ते त्याच्या 12,000 मधले. वर 4,000 ची एसआयपी केली की झालं. तिच्या 12,000 मधले 6,000 तिच्या स्वतःच्या पीपीएफमध्ये आणि 6,000 तिच्या नावच्या म्युच्युअल फंडात.

या मांडणीत आणखी एक फायदा आहे. नवऱ्यानं बायकोला पैसे देऊन ते गुंतवले तर त्यावरचं उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. इथं तिची गुंतवणूक तिच्या पगारातून जाते आणि त्याचे पैसे खर्चात, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. उद्या तिची नोकरी सुटली तर हिशोब तोच राहतो, आकडे बदलतात: 62,000 मधून 40,000 गेले, उरले 22,000, प्रत्येकी 11,000. तेव्हा त्यानं दिलेले पैसे तिनं आधी पीपीएफमध्ये टाकावेत. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, पण व्याज करमुक्त असल्यानं कोणाच्याही उत्पन्नात धरलं तरी फरक पडत नाही. पैसे पंधरा वर्षं अडकतात, हे मात्र तिला आधी सांगा.

मुलीच्या शिक्षणासाठी दोघांचं जॉइंट खातं असू द्या, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असं. पण त्यावर बायकोला नॉमिनी लावायचा प्रयत्न करू नका. ती खातेदारच आहे. जॉइंट खात्यावर नॉमिनीची वेळ दोघंही गेल्यावरच येते, म्हणून तिथं मुलगी, आणि ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीनं पैसे घेणारा माणूस. नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीला चार नॉमिनी टक्केवारीसकट लावता येतात, म्हणजे आईलाही वाटा ठेवता येतो. आणि दोघांनीही मृत्युपत्र करावं. साधा कागद, आपली सही, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही.

शेवटी घराचं. ह्यानं 14 लाख घालून गावात घर बांधलं, वडिलांच्या जागेवर. उतारा वडिलांच्या नावावर, घरही त्यांचंच. पुढं ते भावंडांत वाटलं जाईल. त्या 14 लाखांत बायकोच्या न मिळालेल्या पगाराचा वाटा आहे आणि कागदावर तिचं नाव कुठंच नाही. सुभेदार साहेबांना मी विचारलं, तुमचं घर कोणाच्या जागेवर? ते चहा घ्यायला उठले.

हवालदारानं फंडाच्या नॉमिनेशनचा फॉर्म दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिला. एफडीचं रजेवर गेल्यावर बघतो म्हणाला.

"रजा कधी?"

"मार्चमध्ये, साहेब."

बहुतेक बँकांच्या अॅपवर ते होतं. मी म्हटलं, "लाईट आहे, नेटवर्क आहे. काढ फोन. आणि आधी घरी लाव, वडिलांना तूच सांग."